‘उशीर झाला’ नव्हे, ‘आम्ही उशीर केला’

प्रिय मित्रा,

टेबलं उशिरा पोचणार म्हणून ग्राहकांना पाठवायच्या माफीच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत असून झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ या वाक्यात विलंब आपोआप होतो, गैरसोयही आपोआप होते. कर्ता कुठाय? मराठीत ‘झालं’ म्हणून सुटता येतं, म्हणूनच ते खोडायचं. ‘आम्ही’ लिही आणि त्यापुढे क्रियापद लिही.

तुझी अडचण कळते: चूक पुरवठादाराची, मग आपण का कबूल करायची? अरे, पुरवठादार ग्राहकाने निवडला होता का? टेबलांचे पाय वेळेत आले नाहीत हे खरं, पण ते हातात नसताना १२ तारीख आपण दिली. तेवढंच लिही. पुरवठादाराचं नाव नको, त्याच्या अडचणींचा पाढाही नको.

मी असं लिहिलं असतं:

‘तुमचं टेबल आम्ही १२ तारखेला देणार होतो, ते देऊ शकत नाही. सगळे भाग हातात येण्याआधीच आम्ही तारीख दिली, ही आमची चूक. माफ करा. टेबल १९ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत घरी पोचवू. तोवर थांबायचं नसेल तर या मेसेजला फक्त “रद्द” असं उत्तर पाठवा. त्याच दिवशी आम्ही पूर्ण रक्कम परत पाठवू.’

विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाची सूचना’ नको. ‘तुमचं टेबल १२ ऐवजी १९ तारखेला येईल’ असं लिही, म्हणजे मेल न उघडताही कळेल.

आता १९ का? गोदाम १७ म्हणतंय, म्हणून. दोन दिवस हाताशी ठेव. पहिला उशीर लोक पोटात घालतात, दुसरी तारीख चुकली की तिसरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘लवकरात लवकर’ ही तर तारीखच नव्हे. आणि ‘परत पाठवू’ लिहिलंय, ‘जमा होतील’ नाही, कारण बँकेचा वेळ आपल्या हातात नाही.

मसुद्यातलं कूपन मात्र काढून टाक. टेबल न मिळालेल्या माणसाला पुढच्या खरेदीची सवलत दाखवली की माफीची जाहिरात होते. याबाबतीत मला हट्टी म्हणतात. म्हणू देत, खुर्च्या मांडून टेबलाची वाट बघणारा मला जास्त कळतो.

पाठवण्याआधी यादी चाळ. ज्यांचं टेबल पोचलंय किंवा ज्यांनी ऑर्डर आधीच रद्द केलीय, त्यांना हा मेल गेला तर गोंधळ उडेल. ज्यांनी सोबत खुर्च्याही घेतल्यात, त्यांना खुर्च्या कधी येणार ते वेगळं सांग. हे सगळं १२ तारीख उजाडण्याआधी जायला हवं. ग्राहकाने फोन केल्यावर मागितलेली माफी म्हणजे नुसतं उत्तर.

१८ला सकाळी गोदामात फोन कर. गाडी भरलेली नसेल तर दुपारपर्यंत दुसरा मेल गेला पाहिजे, त्यातही कर्ता ‘आम्ही’च. नवा मसुदा आज संध्याकाळी पाठव.