एकच मोठा खडा हवा तर आधी तुरटी तपासा

प्रश्न : तुरटीचा छोटा खडा दोऱ्याला बांधून द्रावणात सोडतो. कधी तो विरघळून जातो, कधी तळाशी साखरेसारखा चुरा साचतो. मोठा खडा होतच नाही. काय चुकतंय? (चिक्कोडी)

उत्तर : द्रावण करणं, गाळणं तुम्हाला येतंच, ते सोडतो. मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, पण हा त्रास ओळखीचा आहे.

आधी सांगा, तुरटी कुठली? माझा अख्खा पावसाळा एका दुकानदारानं खाल्ला. पाणी निवळायची तुरटी त्यानं माझ्या माथी मारली, वर "तुरटी ती तुरटीच की वो!" आणि परत घ्यायला साफ नकार. ते नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट होतं. त्याचं द्रावण पाकासारखं दाट होतं, पण अष्टफलक खडा धरत नाही. तपासणी सोपी: घरातल्या तापमानाच्या १०० मिली पाण्यात खरी (पोटॅश) तुरटी साधारण १२ ते १५ ग्रॅम विरघळून थांबते, ही मात्र त्याच्या कितीतरी पट विरघळत राहते. तसली गळ्यात पडलीच असेल तर फेकू नका. अथणीकडचे द्राक्षवाले वापरतात ते ०-०-५० खत, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, चार भागांस एक भाग घ्या. दोन्ही वेगवेगळी गरम पाण्यात विरघळवून एकत्र करा. थंड होताना खरी तुरटी खाली बसते.

तुरटी खरी असेल, तर घोळ तापमानाचा आहे. दुपारी खोली तापली की द्रावणाला आणखी तुरटी पेलते आणि ते तुमचा खडा खातं. रात्री गारठलं की जास्तीची तुरटी एकदम बाहेर पडते, तीही शेकडो कणांवर वाटून. म्हणून चुरा. अर्धा लिटर द्रावणात १० ग्रॅम तुरटी जास्तीची असेल, तर एकट्या खड्याला फार तर १० ग्रॅम मिळणार. शंभर वाटेकरी झाले तर प्रत्येकाला चिमूटभर.

त्यामुळे तळाशी खडे बसलेल्या बरणीतलं वरचं निवळ द्रावण घ्या. १०० मिलीला दीड-दोन ग्रॅमच तुरटी घालून गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, मगच खडा सोडा. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर कण धरतात, तंगूस वापरा. बरणी थर्माकोलच्या खोक्यात, वर कागद. वाढ थांबली की खडा काढून हाच फेरा पुन्हा. खडा सोडल्यावर बरणी उजेडासमोर धरा: खड्यापासून पाण्याच्या लहरी खाली उतरताना दिसल्या तर तो विरघळतोय, लगेच काढा, वर चढताना दिसल्या तर वाढतोय.

माझं मत, पटलं तर घ्या: बेळगावचा जुलै यासाठी मार्च-एप्रिलपेक्षा बरा. दमट हवेत पाणी हळू उडतं, दिवस-रात्रीचा फरकही कमी. लोक पावसाला नावं ठेवतात, पण घाईचा खडा आत दुधाळ होतो.

मोरचुदालाही हीच रीत, फक्त ते विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं नको, ॲल्युमिनियमचं तर मुळीच नको, आणि उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका. मोरचुदाचा खडा कोरड्या हवेत पांढरा पडतो, म्हणून पुसून त्यावर रंगहीन नेलपॉलिश लावा.