व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावलं की केसांभोवती कड दिसते

प्रश्न: बॅकग्राउंड इमेज स्वतः बनवलीय, पण कॉलवर केसांभोवती पांढरी कड येते, काय करू?

ती कड म्हणजे तुमच्या मागची खरी भिंतच हो, सॉफ्टवेअरला केस नीट कापता येत नाहीत मग भिंतीची पातळ पट्टी सोबत राहते. आमच्या सांगलीच्या घरी भिंत पांढरी आणि मी हौसेनं गडद निळी इमेज लावलेली, कानामागं ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसायचं! मग भिंतीचा फोटो काढून त्यातलाच रंग उचलला, १९२०×१०८० च्या इमेजमध्ये डोक्याखांद्यामागचा भाग तसाच फिका केला, थोडा ब्लर मारला. कड अजून आहेच, पण मिसळून जाते. मधोमध कपाट, खिडकीची चौकट असलं ठेवू नका, मान हलली की सरळ रेघा तुटलेल्या लगेच कळतात. पंख्यानं उडणाऱ्या बटांना मात्र इलाज नाही, पंखाच बंद करा.