हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला

प्रश्न: वय 27, बी.कॉम. पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिशन आणि बिलिंगच्या काउंटरवर चार वर्षं काम करते. हॉटेल मॅनेजमेंट केलेलं नाही. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला घेतील का? आत्ताचं कोणतं काम तिथे उपयोगी पडेल?

उत्तर:

घेतात. मी स्वतः एका पतसंस्थेच्या कॅश काउंटरवरून इकडे आले. आता विमाननगर भागातल्या एका हॉटेलात ड्यूटी मॅनेजर आहे आणि फ्रंट ऑफिसच्या मुलाखतींना टेबलाच्या या बाजूला बसते. अर्जात "उत्तम कम्युनिकेशन स्किल्स" लिहिलेलं असेल तर ती ओळ मी वाचतसुद्धा नाही, कारण ती सगळ्यांच्याच अर्जात असते. पण "कॅशलेस डिस्चार्जची बिलं मी काढते" असं लिहिलं असेल तर थांबते.

का, ते सांगते. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक सकाळपासून तुमच्या खिडकीशी उभे असतात. डॉक्टरांनी राउंडला "आज घरी" म्हटलेलं असतं, पण समरी टाइप व्हायची असते, वॉर्डातून उरलेली औषधं फार्मसीला परत जायची असतात, लॅबची शेवटची एन्ट्री राहिलेली असते आणि मग बिल इन्शुरन्सकडे जातं. यातलं एकही काम तुमच्या हातात नसतं, पण "किती वेळ?" हे तुम्हालाच विचारतात. एक क्लार्क म्हणतो, "अप्रूव्हल आलं की सांगतो." दुसरी वॉर्डला फोन लावते, फाइल नेमकी कुठे अडकली आहे ते काढते आणि सांगते, "फार्मसीचं रिटर्न राहिलंय. ते अर्ध्या तासात होईल, त्यानंतर बिल इन्शुरन्सला जाईल. तुम्ही जेवून या, मी दोन वाजता फोन करते." तुम्ही या दुसऱ्या क्लार्कसारख्या असाल तर फ्रंट ऑफिसचं निम्मं काम तुम्हाला येतं. दुसऱ्या खात्याकडून खरी वेळ काढून घ्यायची आणि ती समोरच्याला सांगून पाळायची, हेच ते काम. हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांत हे शिकवतात, पण अंगात मुरतं ते काउंटरवरच.

हॉटेलात याचं रूप कसं असतं बघा. मंगळवारची सकाळ, साडेनऊ. नागपूरहून रात्रीच्या बसने एक गृहस्थ आलेत. बुकिंग पक्कं आहे, दोन वेगळ्या बेडची रूम हवी आहे, पण चेक-इन दुपारी दोनचं. आदल्या रात्री हॉटेल फुल होतं. त्यांची अकरा वाजता खराडीला मीटिंग आहे, आंघोळ व्हायची आहे आणि डोळे तांबारलेत. नवखा मुलगा इथे "सर, चेक-इन टू पीएमला आहे" म्हणतो आणि भांडण ओढवून घेतो. नियम बरोबर असतो, पण त्या माणसाने नियम विचारलेलाच नसतो.

आधी सिस्टीममध्ये बघायचं की त्या प्रकारच्या रूमपैकी रिकामी झालेली कुठली आहे. स्क्रीनवर ती "व्हेकंट डर्टी" दिसते, म्हणजे पाहुणा गेला, सफाई बाकी. मग हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला फोन. "रूम कधी मिळेल?" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येणार. "तिसऱ्या मजल्यावरची ट्विन नऊला रिकामी झालीय. तुमचा माणूस आत्ता राहत्या पाहुण्यांच्या रूम करतोय का? ही आधी घेता येईल का?" असं विचारायचं. पाहुणा सोडून गेलेली रूम पूर्ण करायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, त्यानंतर सुपरवायझर स्वतः बघून ती पास करतो. तो सव्वादहा म्हणाला तर पाहुण्याला साडेदहा सांगायचं. दहा सांगून साडेदहाला दिली तर तक्रार होते. साडेदहा सांगून सव्वादहाला दिली तर तेच गृहस्थ हसून किल्ली घेतात.

हा वेळ फुकट घालवायचा नाही. ओळखपत्राची कॉपी, रजिस्ट्रेशन कार्डावर सही, अ‍ॅडव्हान्स हे सगळं आत्ताच उरकायचं, म्हणजे रूम मिळाल्यावर फक्त किल्ली द्यायची राहते. बॅगांना टॅग लावून त्या सामान सांभाळणाऱ्या बेल डेस्कला द्यायच्या. जिम किंवा स्विमिंग पूलजवळ शॉवर असेल तर तो दाखवायचा, कारण त्यांची खरी अडचण रूमची नव्हतीच, अकराच्या मीटिंगची होती. नाश्ता त्यांच्या दरात उद्यापासून धरलाय की आजचाही चालेल, हे तुम्ही परस्पर ठरवायचं नाही, ड्यूटी मॅनेजरला विचारायचं. आणि साडेदहापर्यंत रूम होणार नाही असं दिसलं तर दहा वीसलाच त्यांच्याकडे जाऊन सांगायचं. उशीर झाला हे पाहुण्याला घड्याळाकडे बघून कळता कामा नये, तुमच्याकडून कळलं पाहिजे. डिस्चार्जच्या खिडकीत तुम्ही हेच करत होता, फक्त तिथे बेड रिकामा होत होता आणि इथे भरतोय.

दुसरी गोष्ट बिलाची, आणि यात तुम्ही हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांच्याही पुढे असाल. इन्शुरन्सच्या बिलात ग्लोव्हज, अ‍ॅडमिशन किट, डायपर अशा वस्तू बहुतेकदा पॉलिसीत बसत नाहीत आणि ते पैसे घरच्यांना भरावे लागतात. शेवटच्या क्षणी हे सांगितलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. हॉटेलात सोमवार ते गुरुवार आमच्याकडे बहुतेक कंपन्यांचे पाहुणे असतात. कंपनीचं पत्र म्हणतं, रूम आणि नाश्ता आमच्या खात्यावर. पाहुणा मात्र दोन शर्ट लाँड्रीला देतो, मिनीबारमधलं काहीतरी घेतो, संध्याकाळी मित्रांना जेवायला बोलावतो. याची दोन खाती करावी लागतात, एक कंपनीचं आणि एक पाहुण्याचं. सिस्टीममध्ये ते चार क्लिकचं काम आहे. खरं काम चेक-इनच्या वेळीच हसतमुखाने सांगण्याचं आहे: "सर, रूम आणि ब्रेकफास्ट कंपनीकडे आहे, बाकी जे काही लागेल ते तुमच्या कार्डावर घेऊ ना?" हे वाक्य पहिल्या दिवशी बोललं की शेवटच्या दिवशी टॅक्सी दारात उभी असताना वाद होत नाही. कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबरही तेव्हाच तपासून घ्यायचा. एकदा टॅक्स इन्व्हॉइस निघालं की ते दुरुस्त करायला क्रेडिट नोट काढावी लागते, आणि अकाउंट्सवाले तुमच्याकडे कसं बघतात ते वेगळंच.

आणखी एक. मोठ्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटचा सी-फॉर्म भरला असेल तर तो अर्जात ठळक लिहा. हॉटेललाही परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाचं कुठलं पान बघायचं हे ठाऊक असलेला नवा माणूस आम्हाला सहसा मिळत नाही.

आता जे सोडावं लागेल ते. सगळ्यात मोठी सवय माहिती देण्याची. हॉस्पिटलात कोणी येऊन विचारलं, "कुलकर्णी कुठल्या वॉर्डात आहेत?" तर तुम्ही मजला आणि बेड नंबर सांगता, भेटायच्या वेळा सांगता. हॉटेलात कोणी विचारलं, "कुलकर्णी कुठल्या रूममध्ये आहेत?" तर रूम नंबर सांगायचा नाही, ते इथे उतरलेत की नाही हेसुद्धा नाही. विचारणारी बायको असो, भाऊ असो, ऑफिसचा साहेब असो. नाव लिहून घ्यायचं, बाजूला जाऊन रूमवर फोन लावायचा आणि पाहुण्याने "पाठवा" म्हटलं तरच पुढे. किल्ली देतानाही नंबर मोठ्याने उच्चारत नाहीत, किल्लीच्या पाकिटावर लिहिलेला बोटाने दाखवतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि हॉस्पिटलमधून आलेले बरेच जण इथेच घसरतात. "बायको आहे म्हणताहेत तर सांगायला काय हरकत आहे?" असं चांगल्या मनानेच म्हणतात बिचारे.

दुसरी सवय "बेड शिल्लक नाही" म्हणण्याची. तिथे बेड नसेल तर दुसरं हॉस्पिटल बघा म्हणता येतं. हॉटेलात पक्कं बुकिंग घेऊन रात्री अकराला माणूस आला आणि ओव्हरबुकिंगमुळे रूम उरलीच नाही, तर दुसरं हॉटेल शोधायचं काम त्याचं नसतं, आपलं असतं. त्याच दर्जाच्या जवळच्या हॉटेलात फोन करून रूम घ्यायची, गाडीने पोहोचवायचं, त्या रात्रीचा खर्च हॉटेलने उचलायचा आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत आणायचं. चांगले फ्रंट ऑफिसवाले ही वेळ येण्याआधीच संध्याकाळी सातला यादी घेऊन बसतात: कोण अजून आलेलं नाही, कोण एकच रात्र आहे, कोणाला हलवलं तर कमी त्रास होईल.

कोर्सबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. लाखभर रुपये भरून वर्षाचा डिप्लोमा करण्याआधी पन्नास-साठ खोल्यांच्या हॉटेलात अर्ज करा. तिथे रिझर्व्हेशन, कॅश आणि नाइट ऑडिट एकाच माणसाकडे येतं, त्यामुळे सगळं हाताखालून जातं. नाइट ऑडिट म्हणजे रात्री सगळ्या रूमचं भाडं खात्यांवर टाकून, कॅश आणि कार्डांचा मेळ घालून दिवस बंद करायचा. बिलिंगमधला माणूस ते आठवड्यात उचलतो. सुरुवात गेस्ट सर्व्हिस असोसिएट म्हणून होईल, पगार आत्तापेक्षा थोडा कमीही असू शकतो, आणि खुर्ची नसते. आठ-नऊ तास उभं राहायचं, त्यामुळे बुटांवर पैसे खर्च करा.

नाइट शिफ्ट चालेल का, हे पहिल्याच मुलाखतीत विचारतील. लगेच "हो" म्हणू नका. आधी विचारा की दुपारची शिफ्ट रात्री अकराला सुटल्यावर हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडते की मुख्य चौकापर्यंत, आणि तुमचा भाग त्यांच्या रूटमध्ये आहे का. धायरीला किंवा भोसरीला राहत असाल आणि हॉटेल हिंजवडीला असेल, तर पुढची सगळी बोलणी या उत्तरावर ठरवा.