ट्रॅकिंगमधला आकडा घसरला, तर आधी काय तपासायचं?

प्रश्न: आमचा मसाल्याचा ब्रँड आहे. कोल्हापूर आणि पुण्यात मिळून दर तिमाहीला ४०० गृहिणींचा सर्व्हे करून घेतो. न सुचवता आमचं नाव घेणाऱ्यांचं प्रमाण मेच्या फेरीत, म्हणजे वेव्हमध्ये, ४० टक्क्यांवरून ३४ वर आलं. कन्सिडरेशन, म्हणजे आमचा ब्रँड घ्यायचा विचार करणाऱ्यांचं प्रमाण, तेही वर्षभरात ५० वरून ४४ झालं. विक्री मात्र तशीच आहे. साहेब जाहिरात बदला म्हणताहेत. हे आकडे वाचायचे कसे?

उत्तर:

जाहिरातीला हात लावण्याआधी एजन्सीकडून दोन्ही वेव्हचे शहरवार तक्ते मागवा. पीपीटी नको, तक्ते. मी बरीच वर्षं मार्केट रिसर्चमध्ये आहे, आणि अशा घसरणीचं उत्तर बहुतेक वेळा ग्राहकाच्या डोक्यात सापडत नाही, सॅम्पलमध्ये सापडतं.

समजा, कोल्हापुरात १०० पैकी ६० बायका तुमचं नाव आपणहून घेतात आणि पुण्यात २०. फेब्रुवारीच्या वेव्हमध्ये दोन्हीकडे दोनदोनशे मुलाखती झाल्या. कोल्हापूरच्या १२० आणि पुण्याच्या ४० मिळून १६० झाल्या, म्हणजे ४०० पैकी ४० टक्के. मेमध्ये कोल्हापुरात माणसं कमी पडली म्हणून तिथे १४० मुलाखती झाल्या आणि उरलेल्या २६० पुण्यात उरकल्या. आता कोल्हापूरच्या ८४ आणि पुण्याच्या ५२, एकूण १३६. म्हणजे ३४ टक्के. एकाही बाईचं मत बदललेलं नाही, तरी तुमचा आकडा सहा पॉइंट खाली! तुमच्याकडे हेच झालंय असं माझं म्हणणं नाही, पण तक्ता उघडला की पाच मिनिटांत कळेल. तसं असेल तर दोन्ही शहरांचं प्रमाण ठरवून जुन्या-नव्या सगळ्या वेव्हना तेच वेटिंग लावून घ्या, म्हणजे मुलाखती कितीही झाल्या तरी प्रत्येक शहराचा वाटा ठरलेलाच धरला जाईल. वय आणि घराच्या राहणीमानाचा एनसीसीएस वर्ग यांचंही हेच. एनसीसीएस घरातल्या वस्तू आणि मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण यांवर ठरतो. एका वेव्हमध्ये सोसायट्या जास्त आणि दुसऱ्यात चाळी जास्त आल्या, तरी आकडा हलतोच.

समजा सॅम्पल जसंच्या तसं निघालं. मग ४०० विरुद्ध ४०० मध्ये किती फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो ते बघा. ९५ टक्के खात्रीसाठी हिशोब असा:

```
1.96 × √(0.40×0.60/400 + 0.34×0.66/400) ≈ 0.067
```

म्हणजे जवळपास पावणेसात पॉइंट. तुमचे सहा पॉइंट त्याच्या आतच आहेत. याचा अर्थ घसरण झालीच नाही असा नाही. एवढ्या मुलाखतींवर ती झाली की नाही हे सांगता येत नाही, इतकाच अर्थ. पुढच्या वेव्हमध्येही आकडा ३४ च्या आसपास राहिला तर मात्र मी मनावर घेईन. एका वेव्हवर लाल बाण काढून मीटिंग भरवणाऱ्या एजन्सीचा मला वैताग येतो.

तिसरी गोष्ट फील्डवरची. ‘मसाल्याचे कोणकोणते ब्रँड तुम्हाला माहीत आहेत?’ असं विचारल्यावर बाई दोन नावं सांगून थांबते. मुलाखत घेणारीने ‘आणखी? अजून कुठला आठवतोय?’ असं खोदून विचारलं तर तिसरं-चौथं नाव येतं. उन्हात दाराशी उभी असलेली, दिवसाचा कोटा संपवायच्या घाईतली मुलगी ते विचारेलच असं नाही. तुमचं नाव बहुधा तिसरं-चौथं येत असेल, तर फटका तुम्हालाच बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक बाईने सरासरी किती ब्रँड सांगितले ते दोन्ही वेव्हमध्ये ताडून बघा. सरासरी खाली आली असेल आणि तुमच्याबरोबर स्पर्धकांचेही आकडे उतरले असतील, तर दोष विचारण्यात आहे. सगळे जागच्या जागी आणि तुम्ही एकटेच खाली, तर काळजीचं कारण आहे. सर्वात आधी तोंडावर येणारं नाव, म्हणजे टॉप ऑफ माइंड, या ढिलाईला फारसं बळी पडत नाही. तो आकडा स्थिर असेल तर संशय आणखी पक्का.

आणि मेची वेव्ह फेब्रुवारीशी ताडायचीच कशाला? मार्च ते मेमध्ये कोल्हापूरकडे मिरच्या वाळवून कांडपावर वर्षाचा कांदा-लसूण मसाला करून ठेवायची पद्धत आहे. घरात ताजा डबा भरलेला असताना ‘पुढच्या वेळी कोणता ब्रँड घ्याल?’ असं विचारलं तर ‘आम्ही घरचाच वापरतो’ हेच उत्तर येणार. मेचा आकडा गेल्या मेशी लावा.

आता कन्सिडरेशन. ५० आणि ४४ हे टक्के कुणाचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक रिपोर्टमध्ये कन्सिडरेशन ‘ब्रँड माहीत असलेल्यांपैकी’ असं काढतात, आणि घोळ तिथेच होतो. समजा यादी दाखवल्यावर तुम्हाला ओळखणाऱ्या गेल्या वर्षी ४०० पैकी २४० होत्या, त्यातल्या १२० जणी घ्यायचा विचार करत होत्या. ५० टक्के. यंदा जाहिरातीमुळे ओळखणाऱ्या ३०० झाल्या, विचार करणाऱ्या १३२. टक्केवारी ४४. घसरण दिसते, पण विचार करणाऱ्या बायका १२ ने वाढल्यात. सगळ्या ४०० च्या हिशोबाने ३० वरून ३३. नव्याने नाव ऐकलेल्या ६० जणी अजून कोमट आहेत, त्यांनी सरासरी खाली ओढली. जाहिरात चालू लागली की असं होणं साहजिक आहे. (तीन पॉइंटांची वाढही योगायोगाच्या टप्प्यातलीच आहे, म्हणून पेढेही वाटू नका.) दोन्ही बेसवरचे आकडे शेजारी शेजारी मागा.

ओळखणाऱ्या तेवढ्याच राहून विचार करणाऱ्या घटल्या, तर मात्र जाहिरातीपलीकडे बघावं लागेल: किंमत, पाकीट, चव, दुकानात माल आहे की नाही.

प्रेफरन्सबद्दल थोडक्यात. एकच ब्रँड निवडायला लावल्यामुळे तिथे मोठ्या ब्रँडला नेहमीच झुकतं माप मिळतं. लहान ब्रँडचे ग्राहक कमी असतात आणि त्यांची पसंतीही जरा कमीच असते, हे बाजारात वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा बाजारातल्या पहिल्या नंबरच्या ब्रँडशी तुलना करून कष्टी होऊ नका, आपल्याच आकाराच्या दोन-तीन ब्रँडशी करा. तुमचा प्रेफरन्स दहा-बारा टक्के असेल तर तो ४०० पैकी चाळीस-पन्नास बायकांचा आकडा आहे. त्याची पुन्हा वय आणि शहराप्रमाणे फोड करून निष्कर्ष काढू नका.

पुढच्या वर्षाचं बजेट तेवढंच असेल, तर मी चार वेव्ह ४०० च्या करण्याऐवजी दोन वेव्ह ८०० च्या करीन, दरवर्षी त्याच दोन महिन्यांत. मग पावणेसातऐवजी साधारण पावणेपाच पॉइंटांचा फरकही पकडता येतो. साहेबांना दर तिमाहीला आकडा हवाच असेल, तर लागोपाठच्या दोन वेव्ह एकत्र करून सरासरी दाखवा. फक्त त्यात शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये निम्म्या बायका त्याच असतात, त्यामुळे नव्या जाहिरातीचा परिणाम तिथे एक तिमाही उशिरा पूर्ण दिसेल, हे आधीच सांगून ठेवा. आणि प्रश्नांची भाषा, क्रम आणि यादी मधेच बदलू देऊ नका. बदलावीच लागली, तर एक वेव्ह निम्म्या बायकांना जुना फॉर्म आणि निम्म्यांना नवा देऊन घ्या. म्हणजे आकडा फॉर्ममुळे किती हलला ते वेगळं काढता येईल.