पेपर ज्या भाषेत, उजळणी त्या भाषेत

प्रिय मुली,

रविवारी तू 'उष्णता' धड्यातला एक प्रश्न पुढे केलास आणि म्हणालीस, "काका, असंगत आचरण क्लासमध्ये झालंच नाही." तुझी क्लासच्या इंग्रजी नोट्सची वही चाळली, तर 'ॲनोमलस बिहेवियर ऑफ वॉटर' दोन पानं भरून होतं. झालं होतं गं. फक्त तुझ्या पुस्तकातल्या नावाने झालं नव्हतं.

तू परीक्षा मराठीतून देणार आहेस. मग पेपर ज्या भाषेत, उजळणी त्या भाषेत. मीही दहावीला इंग्रजी नोट्स पाठ केल्या होत्या. पेपरात उत्तर डोक्यात होतं, पण मराठी वाक्य जुळेना. ती अर्धी कोरी राहिलेली पानं मला अजून दिसतात.

आता तोच प्रश्न घेऊ: थंड प्रदेशात तळं गोठलं तरी मासे जिवंत कसे राहतात? आधी नोट्स आणि पुस्तक दोन्ही मीट आणि उत्तर मराठीत लिही. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली जातं. सगळं पाणी 4 °C ला येईपर्यंत हे चालतं. त्यापुढे थंड होताना पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावतं, त्याची घनता कमी होते, म्हणून ते वरच राहतं आणि 0 °C ला त्याचा बर्फ होतो. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक, त्यामुळे खालचं पाणी गोठत नाही. मग पुस्तक उघड आणि लाल पेनाने तपास. तू 'विचित्र वागणं' लिहिलं असशील, तर तिथे 'असंगत आचरण' हवं. 'घनता'ऐवजी 'डेन्सिटी' आली असेल, तर कल्पना कळली आहे, शब्द अडला आहे. पण '4 °C'चा टप्पाच गाळला असशील, तर कल्पनाच कळलेली नाही. तेव्हा धडा पुन्हा वाच.

इंग्रजी शब्द पुस्तकातल्या मराठी शब्दाशेजारी पेन्सिलने लिही, नोट्समध्ये मराठी शब्द नको. रोज डोळ्यांखाली पुस्तकाचं पान राहायला हवं. उलटं करणारी मुलं शेवटी नोट्सच वाचत बसतात, हे मी फार पाहिलंय.

गणितं मात्र नोट्समधूनच सोडव. सूत्रं आणि एककं तीच असतात. दहावी बोर्डाचे जुने पेपर मार्च 2019 पासूनचे घे. त्याआधीचे जुन्या पुस्तकावरचे आहेत. त्यात न ओळखीचा प्रश्न दिसला की तू उगाच घाबरतेस.

तुझ्या बाबांना मी क्लास बंद करा म्हणालो, ते त्यांना लागलं. फी भरली आहे, मला कळतं. तरी मी चुकलो असं मला वाटत नाही. महिनाभर रोज एक प्रश्न असा लिहिला असतास, तर रविवारी ते शब्द तुला परके वाटले नसते. पेपर ज्या भाषेत, उजळणी त्या भाषेत; कंटाळलीस तरी मी हेच म्हणणार.

येत्या रविवारी 'अप्रकट उष्मा' लिहून आण. लाल खुणा पुसून आणू नकोस.

तुझा काका