करंट तारेत टोकाकडून नाही, बाजूने शिरतो

*प्लेन वेव्ह लॉसी माध्यमात e^(−z/δ) ने विरते हे गणितात पटतं. पण त्याचा तारेशी काय संबंध? फ्रिक्वेन्सी वाढली की करंट पृष्ठभागालाच का चिकटतो? इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून?*

नाही. ढकलाढकलीमुळे होत असतं तर डीसीचंही तेच झालं असतं, आणि डीसी तर अख्ख्या तारेतून सारखा वाहतो.

माझाही घोळ बराच काळ होता, कारण डोक्यात नळाचं चित्र होतं: एका टोकाने ओता, दुसरीकडून घ्या. प्रत्यक्षात क्षेत्र तारेभोवती असतं आणि तांब्यात बाजूने शिरतं. शिरलं की तिथे करंट सुरू होतो, त्या करंटचं बदलतं चुंबकीय क्षेत्र आणखी आत जाणाऱ्या क्षेत्राला विरोध करतं. बाहेरचा थर आतल्या थराला झाकतो. हीच तुमची प्लेन वेव्ह, फक्त ती कडेपासून गाभ्याकडे चाललेली. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका आत मुरायला वेळ कमी, कारण तोवर दिशाच उलटते.

क्षेत्र जितकं आत गेल्यावर १/e उरतं ते अंतर, म्हणजे स्किन डेप्थ, δ = 1/√(πfμσ); f फ्रिक्वेन्सी, μ वाहकाची चुंबकीय पारगम्यता, σ वाहकता. तांब्यात ५० हर्ट्झला हे साधारण ९.३ मिमी येतं, १ मेगाहर्ट्झला ६६ मायक्रोमीटर. चांगल्या वाहकात तरंग जितक्या अंतरात १/e होतो, तितक्याच अंतरात १ रेडियन मागेही पडतो. म्हणून १ मेगाहर्ट्झला हवेत ३०० मीटर असलेली तरंगलांबी तांब्यात 2πδ, म्हणजे ०.४ मिमी उरते. वेग सेकंदाला जेमतेम ४१५ मीटर! पृष्ठभागापासून सुमारे ०.२ मिमी आत करंट ४ टक्क्यांवर आलेला असतो आणि तोही उलट्या दिशेने वाहत असतो.

आता १ मिमी व्यासाची सरळ तार घ्या. डीसीला मीटरमागे रोध सुमारे २२ मिलिओहम. १ मेगाहर्ट्झला कामाची उरते ती δ जाडीची कडा: π × ०.९३ × ०.०६६, म्हणजे ०.१९ चौ. मिमी. पूर्ण छेद ०.७९ चौ. मिमीचा, म्हणून रोध चौपट, ८८ च्या आसपास. व्यास दुप्पट केलात तर डीसी रोध पाव होतो, पण इथे फक्त निम्माच, कारण वाढतो तो परीघ. (δ तारेच्या त्रिज्येपेक्षा बराच लहान असेल तरच हा हिशोब चालतो.)

याच जोरावर मी एकदा कॉइलला जाड तार गुंडाळली आणि ती आधीपेक्षा जास्त तापली. शेजारच्या वेढ्यांचं क्षेत्रही तारेत शिरतं आणि करंटला एका बाजूला रेटतं, हे मी धरलंच नव्हतं. तिथे लिट्झ वायर लागते: δ पेक्षा बारीक, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या तारा, अशा पिळलेल्या की प्रत्येक तार आलटून पालटून आत-बाहेर येते. नुसत्या समांतर ठेवल्या तर त्या मिळून एका जाड तारेसारख्याच वागतात.