धूपछांव साडी आणि फोटोतला रंग

धूपछांव रेशमाची साडी केवळ फोटो पाहून मागवू नका. तिचे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे प्रकाश कुठून येतो आणि कॅमेरा कुठून पाहतो, यावर कोणता रंग वर उठेल हे ठरते. मी फोटोत गर्द जांभळी दिसलेली साडी घेतली. तिथे दिवा एकाच बाजूला होता आणि निऱ्या पिनांनी घट्ट बसवल्या होत्या (ही फसवणूक नव्हे, निवड होती). घरी नेसून चालताना मात्र प्रत्येक निरीतून हिरवी झाक उमटू लागली. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करताना साडी दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पदर हातावर तिरका फिरवून पाहा; ऑनलाइन घेताना चालतानाचा व्हिडिओ मागवा.